डबीतला जुना मालक

फोन विकायला आणणारा माणूस हल्ली तयारीनिशी येतो. फोटो दुसरीकडे हलवलेले असतात, सिम काढलेलं असतं, आणि सगळं पुसून फोन कोरा केलेला असतो. तोच माणूस खिशातून इअरबड्सची डबी काढतो, शर्टाला पुसतो आणि काउंटरवर ठेवून म्हणतो, “ताई, यात काय असतंय? गाणी तर फोनमध्येच असतात.” गाणी फोनमध्ये असतात हे खरंच आहे. पण त्या डबीत तो स्वतः असतो, आणि तो बाहेर निघाल्याशिवाय ती डबी दुसऱ्याची होत नाही. माझ्या दुकानात जुन्या बड्सवरून जेवढे तंटे आले, त्यातले बहुतेक याच एका गोष्टीचे होते.

दुकान पूर्णा गावात आहे, ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरमार्गे अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मेट्रो पाचचे खांब याच रस्त्यावर उभे राहिले आणि त्या मार्गावर पूर्णा नावाचं स्टेशनही आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आहेत. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवायचा म्हणून भिवंडीत गोदामं वाढत गेली. 2017 साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र राहिली आणि अजून वाढली. त्यांत पिकिंग, पॅकिंग, लोडिंग करणारी पोरं-पोरी हीच माझी गिऱ्हाइकं. रात्रपाळी संपवून आठ-दहाजणांच्या खोलीत झोपायचं, शेजारी कुणीतरी मोठ्याने बोलत असतं, तेव्हा कानात बड्स घालणं ही चैन राहत नाही. पगार झाला की नवी जोडी घेतली जाते आणि जुनी खोलीतल्याच कुणाला तरी विकली जाते, नाहीतर गावाकडे भावाला पाठवली जाते.

दुवा तीन ठिकाणी असतो

बड्स पहिल्यांदा फोनला जोडताना दोघांत एक गुप्त किल्ली ठरते. ती फोनमध्ये साठते आणि बड्समध्येही साठते. दुसऱ्या वेळी डबी उघडली की दोघं त्या किल्लीवरून एकमेकांना ओळखतात, म्हणून पुन्हा काही विचारत नाहीत. बहुतेक बड्स एकाहून जास्त फोनच्या किल्ल्या लक्षात ठेवतात आणि उघडल्यावर आधी शेवटच्या फोनला हाक मारतात. कुणी ओ दिली नाही, तरच नव्या फोनला दिसायला तयार होतात.

ही झाली दोन ठिकाणं. तिसरं ठिकाण म्हणजे खातं. आयफोनवाल्याचं अ‍ॅपलचं, अँड्रॉइडवाल्याचं गूगलचं, सॅमसंगवाल्याचं सॅमसंगचं. अलीकडच्या पुष्कळ बड्सची नोंद फोनपुरती न राहता या खात्यात जाते, म्हणजे त्याच खात्यावरच्या टॅबलाही ते आपोआप ओळखीचे होतात आणि हरवले तर नकाशावर शोधता येतात.

म्हणून जुना मालक काढायचा तर तिन्ही ठिकाणांहून काढावा लागतो. फोनमध्ये ‘फॉरगेट’ केलं, तरी बड्सच्या आतली किल्ली तशीच राहते. बड्स रिसेट केले, तरी खात्यातली नोंद राहू शकते. गाळा दुसऱ्याला भाड्याने दिला आणि आधीच्या भाडेकरूकडची किल्ली परत घेतली नाही, तर नव्याने आतून कितीही झाडलोट केली तरी तो गाळा पुरता त्याचा होत नाही. इथेही तसंच आहे.

एकाच खोलीतली विक्री

शहरात जुनी वस्तू विकली की विकणारा निघून जातो. पूर्ण्यात विकणारा आणि घेणारा पुष्कळदा एकाच पाळीला, एकाच खोलीत असतात. त्यामुळे इथे पहिली अडचण येते ती साध्या ब्लूटूथची.

पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या दोघी एकत्र राहायच्या. एकीने नवे बड्स घेतले आणि जुने दुसरीला पाचशे रुपयांना दिले. दुसरीने आपल्या फोनला जोडले, गाणी वाजली, व्यवहार झाला. पण पहिलीने आपल्या फोनमधून ते काढले नव्हते आणि बड्स रिसेटही झाले नव्हते. एका रात्री दुसरी जिन्यात बसून बड्स कानात घालायला गेली. तिच्या फोनचं ब्लूटूथ बंद होतं, म्हणून बड्सनी ओळखीचा दुसरा फोन धरला. तो खोलीत चार्जिंगला लावलेला होता. तेवढ्यात त्या फोनवर पहिलीच्या वडिलांचा फोन आला. तिने उचलला, कानाला लावला, तर काहीच ऐकू येईना. आणि घरच्या पैशांची, बहिणीच्या लग्नाची बोलणी जिन्यात बसलेल्या मैत्रिणीच्या कानात गेली. मैत्रिणीने लगेच बड्स काढले, पण जे ऐकायचं नव्हतं ते ऐकून झालं होतं.

दोघी दुकानात आल्या तेव्हा एकमेकींकडे बघत नव्हत्या. पहिली म्हणाली, “ताई, हिने माझ्या फोनमध्ये काही घातलंय का बघा.” मी दोघींचे फोन काउंटरवर ठेवले आणि पहिलीच्या फोनमधली ब्लूटूथची यादी उघडून दाखवली. विकलेल्या बड्सचं नाव तिथे होतं आणि त्याखाली ‘कनेक्टेड’ लिहिलं होतं. कुणी काही घातलं नव्हतं. जे काढायचं ते राहून गेलं होतं. तिच्या यादीतून नाव काढलं. मग दोन्ही बड्स डबीत ठेवून, झाकण उघडं ठेवून, बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. पहिलीच्या फोनचं ब्लूटूथ चालूच ठेवलं आणि डबी पुन्हा उघडली. आता बड्स त्या फोनला जोडले गेले नाहीत. नव्या जोडणीच्या यादीत नुसतं मॉडेलचं नाव आलं, आणि ते दुसरीच्या फोनला जोडून दिलं.

ही परीक्षा मी तेव्हापासून प्रत्येक जोडीला लावते. जुना फोन शेजारी, त्याचं ब्लूटूथ चालू, आणि डबी उघडायची. बड्स आपणहून जुन्या फोनकडे गेले तर काम अर्धं झालेलं आहे. विकणाऱ्याने तोंडाने काही सांगण्यापेक्षा हे भरवशाचं आहे.

रिसेटची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. कुठे डबीवर बटण असतं, कुठे बड्सनाच बोट लावून धरावं लागतं, कुठे अ‍ॅपमधून करावं लागतं. सॅमसंगच्या बड्सचा रिसेट गॅलक्सी वेअरेबल अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आहे. अंदाजाने बटणं दाबण्यापेक्षा खोक्यातली पुस्तिका बघावी. एक मात्र सगळीकडे पाळावं, दोन्ही बड्स डबीत असतानाच रिसेट करावा. स्वस्त जोड्यांमध्ये एकच बड रिसेट झाला, तर डावा आणि उजवा एकमेकांना विसरतात, फोनमध्ये दोन वेगवेगळी नावं दिसू लागतात आणि एकाच कानात आवाज येतो. पुष्कळजण तेवढ्यावर “एक साइड गेली” म्हणून जोडी कवडीमोलाने विकतात. दोन्ही डबीत घालून एकत्र रिसेट केलं की त्यातल्या कितीतरी नीट चालतात.

अ‍ॅपलचा दुवा रिसेटने सुटत नाही

खात्याचा दुवा सगळ्यात घट्ट असतो तो एअरपॉड्समध्ये. अगदी पहिल्या दोन पिढ्यांचे साधे एअरपॉड्स सोडले, तर तिसरी पिढी, प्रो, आणि डोक्यावरचे मॅक्स हे सगळे ‘फाइंड माय’मध्ये मालकाच्या खात्याला बांधले जातात. ते दुसऱ्याच्या आयफोनला जोडायला गेलं तर पडद्यावर सूचना येते की हे दुसऱ्या कुणाच्या खात्याशी जोडलेले आहेत. डबीमागचं बटण दाबून रिसेट केलं, दिवा आधी केशरी आणि मग पांढरा लुकलुकला, तरी ही गाठ सुटत नाही. चोराला माल वापरता येऊ नये म्हणूनच ती बांधलेली आहे.

एका गोदामातल्या सुपरवायझरने आपले एअरपॉड्स प्रो, दुसऱ्या पिढीचे, तिथल्याच फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या मुलाला विकले. मुलाकडे अँड्रॉइड फोन होता. अँड्रॉइडला एअरपॉड्स म्हणजे नुसते ब्लूटूथचे बड्स. झाकण उघडलं, बटण दाबून धरलं, जोडले गेले. कसलीच सूचना आली नाही आणि तो महिनोन्‌महिने वापरत राहिला. मग त्याने हप्त्यावर जुना आयफोन घेतला, आणि त्या दिवशी ती सूचना आली. त्याची समजूत झाली की सुपरवायझरने चोरीचा माल गळ्यात मारला. सुपरवायझरची समजूत झाली की पोरगा इतक्या महिन्यांनी पैसे परत मागायला निमित्त शोधतोय. गोदामात आवाज चढला आणि दोघं माझ्याकडे आले.

सुपरवायझर म्हणाला, “मी त्याच दिवशी माझ्या फोनमधून उडवलेत. बघा, ब्लूटूथमध्ये नाहीत.” खरोखरच नव्हते. मी त्यांना ‘फाइंड माय’ उघडायला सांगितलं आणि खालच्या Devices वर बोट ठेवायला लावलं. यादीत त्यांचा फोन होता, त्यांच्या मिसेसचा फोन होता, आणि त्याखाली विकलेले एअरपॉड्स होते. नाव दाबल्यावर नकाशा उघडला आणि ठिपका आमच्याच रस्त्यावर आला. मुलगा एकदम गप्प झाला. एवढे महिने तो कुठे राहतो, सुट्टीच्या दिवशी कुठे जातो, हे आपल्या साहेबाच्या फोनमध्ये दिसू शकत होतं हे त्याला तेव्हा कळलं. सुपरवायझरने ते कधी उघडून पाहिलं नव्हतं, आणि त्यांचा चेहराच तसं सांगत होता. पण पाहिलं असतं तर दिसलं असतं.

मग काम क्रमाने केलं. एअरपॉड्स सुपरवायझरच्या आयफोनजवळ आणून पुन्हा जोडले. ‘फाइंड माय’मध्ये Devices, त्यात एअरपॉड्स, आणि पडदा वर सरकवून सगळ्यात खालचं Remove This Device. त्यानंतर सेटिंगमध्ये ब्लूटूथ, नावासमोरचा गोलातला i, आणि Forget This Device. मग दोन्ही बड्स डबीत ठेवून झाकण अर्धा मिनिट बंद, उघडून मागचं बटण पंधराएक सेकंद दाबून धरलं, आणि दिवा केशरी होऊन पांढरा लुकलुकला. मुलाच्या आयफोनजवळ झाकण उघडलं तेव्हा नव्या जोडणीचा पडदा आला आणि एअरपॉड्स त्याच्या खात्यात गेले. चौथ्या पिढीच्या एअरपॉड्सना मागे बटण नाही, तिथे डबीच्या पुढच्या बाजूवर बोटाने दोनदा टकटक करायचं असतं आणि तेही ठरलेल्या क्रमाने. बाकीचं सारखंच.

क्रम यासाठी महत्त्वाचा की खात्यातून काढताना बड्स मालकाच्या फोनजवळ आणि जोडलेले असले म्हणजे मागे काही उरत नाही. म्हणून आधी खातं, मग फोनची यादी, आणि शेवटी रिसेट. लोक बरोबर उलटं करतात. आधी बटण दाबतात, कारण ते डोळ्यांना दिसतं, आणि दिवा लुकलुकला की सगळं झालं असं समजतात.

त्या दोघांचं काम झालं कारण विकणारा हाकेच्या अंतरावर होता. तो गाव सोडून गेला असता, नंबर बदलला असता, तर आयफोनवर ते एअरपॉड्स कधीच त्या मुलाचे झाले नसते. “तुम्ही तोडून द्या ना ताई, तुम्हाला येत असेल,” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ही गाठ दुकानदाराला सोडवता येत नाही. मूळ मालकाच्या खात्यातूनच ती सुटते, आणि ते योग्यच आहे.

एका जीमेलवर सगळं घर

अँड्रॉइडमध्ये कुलूप एवढं घट्ट नसतं, पण सवयीने दुवा राहतो. गूगलच्या फास्ट पेअरने जोडलेल्या बड्समध्ये खात्याची एक छोटी किल्ली, 16 बाइटांची, लिहिली जाते आणि तीच गूगलच्या खात्यातही ठेवली जाते. त्यामुळे त्या खात्यावरचा कुठलाही फोन जवळ आला की बड्स ओळखतो आणि जोडायचे का म्हणून विचारतो. सेटिंगमध्ये Google या भागात शिरलं की Saved devices नावाची यादी सापडते. विकलेले, हरवलेले, देऊन टाकलेले सगळे बड्स तिथे राहिलेले असतात. ती यादी साफ करायची आणि बड्स रिसेट करायचे, म्हणजे दोन्हीकडची किल्ली जाते. कंपनीचं अ‍ॅप वापरत असाल तर त्यातूनही जोडी काढायची.

पण घरातल्या घरात बड्स देताना वेगळाच घोटाळा होतो. आमच्याकडे नवा फोन आला की दुकानदार किंवा मोठा मुलगा तो चालू करून देतो, आणि हाताशी असलेलं एकच जीमेल घरातल्या सगळ्या फोनांत टाकतो. आईच्या फोनमध्ये तेच, धाकट्याच्या फोनमध्ये तेच. मग मोठ्याने धाकट्याला बड्स दिले की ते घरातल्या तिन्ही फोनांना ओळखतात. एक बाई तक्रार घेऊन आल्या की भजन लावलं की आवाज मधेच बंद होतो. मुलाने अभ्यासाला बसताना डबी उघडली की आईच्या फोनवर जोडणीची पट्टी यायची, त्यांचं बोट तिच्यावर पडायचं आणि भजन मुलाच्या कानात जायचं. यात बड्सचा दोष नव्हता आणि रिसेट करूनही उपयोग नव्हता, कारण पुन्हा जोडले की पुन्हा त्याच खात्यात जाणार. बाईंच्या फोनला त्यांचं स्वतःचं खातं काढून दिलं, जुनं काढून टाकलं, आणि मग बड्स मुलाच्या फोनला नव्याने जोडले. घरातच वस्तू द्यायची असेल तर आधी कुणाच्या फोनमध्ये कुणाचं खातं आहे ते पाहावं.

घेताना काय बघायचं

जुनी जोडी विकत घेताना मी पहिला प्रश्न आवाजाचा विचारत नाही. पहिला प्रश्न बिलाचा असतो, आणि त्याला कारण आहे. जुना फोन घेताना *#06# दाबून आयएमईआय काढता येतो, आणि KYM पुढे तो नंबर लिहून 14422 वर मेसेज केला की फोन ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. संचार साथी पोर्टलवरही बघता येतं. इअरबड्सना सिम नसतं, त्यामुळे आयएमईआयही नसतो. चोरीला गेलेले बड्स ओळखणारी अशी सरकारी यादी नाही. राहतो तो सिरियल नंबर आणि बिल.

आमच्या भागात याची गरज जास्त आहे. इथे जुने बड्स तीन वाटांनी येतात. एक, कामगारांच्या स्वतःच्या वापरातले. दोन, गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या मालाचे लॉट, जे व्यापारी उचलतात आणि सुटे करून विकतात. आणि तीन, सीलबंद खोकं, ज्याच्याबद्दल आणणारा फक्त एवढंच म्हणतो की “गोडाऊनचा माल आहे.” तिसऱ्या वाटेचं खोकं मी हातात धरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 317 चोरीच्या मालाचं आहे, आणि माल चोरीचा असावा असं वाटायला जागा असताना तो घेणाराही त्यात येतो. बाजारात वीस हजारांच्या पुढे जाणारी वस्तू सील न फोडता तीन हजारांत मिळत असेल, तर अशी जागा आहेच.

बिल असलं की नंबर जुळवायचे. एअरपॉड्सच्या डबीच्या झाकणात आतल्या बाजूला बारीक अक्षरांत नंबर असतो, आणि दोन्ही बड्सवरही आपापला नंबर असतो. भिंगाखाली धरावं लागतं, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करावा. जोडल्यावर ब्लूटूथमधल्या i च्या आत About मध्ये नंबर दिसतो, आणि त्यावर बोट ठेवत गेलं की डावा, उजवा आणि डबी असे तिन्ही नंबर येतात. ते छापलेल्याशी जुळले पाहिजेत. परत आलेल्या लॉटमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकलेली असते. कुणीतरी आपला खराब झालेला उजवा बड नव्या डबीत घालून परत पाठवलेला असतो. दिसायला जोडी पूर्ण असते, पण दोन बड्स दोन वेगवेगळ्या संसारांतले असतात.

नंबर अ‍ॅपलच्या साइटवर खरा निघाला म्हणून माल खरा ठरत नाही. डुप्लिकेट बनवणारे खऱ्या खोक्यावरचा नंबर उचलून हजारो डब्यांवर छापतात. तेव्हा आयफोन काय म्हणतो ते बघावं. iOS 16 पासून नकली एअरपॉड्स जोडले की खरेपणाची खात्री पटत नाही अशी सूचना फोनच देतो. ती आली की पुढची तपासणी नको.

यानंतर कानाची पाळी. डावा एकटा कानात घालून कुणाला तरी फोन लावायचा, उजवा डबीत बंद. मग उलट. दोन्ही बाजूंचे माइक वेगळे असतात, आणि गाणी छान वाजणाऱ्या जोडीचा एक माइक मेलेला असू शकतो. एका बाजूचा आवाज कमी वाटला तर लगेच भाव पाडायला घेऊ नये. आधी जाळी उजेडात धरून बघावी. कानातला मळ आणि गोदामातल्या पुठ्ठ्याची धूळ मिळून जाळीवर थर बसतो. जाळी खाली तोंड करून धरायची आणि मऊ कोरड्या ब्रशने हलके झटकायची. आत पाणी किंवा स्पिरिट सोडायचं नाही, आणि पिनेने टोचायचं तर मुळीच नाही. रबरी टोपी मात्र नवीच घालावी, जुनी कितीही स्वच्छ दिसली तरी.

डबीच्या आतल्या पिना मी टॉर्च लावून बघते. पावसाळ्यात घामाने ओले बड्स तसेच डबीत टाकले जातात आणि पिनांवर हिरवट थर चढतो. मग बड रात्रभर डबीत असतो, पण चार्ज होत नाही, आणि लोक म्हणतात बॅटरी गेली. कोरड्या कापसाने पुसून बघितलं की कळतं दोष कुणाचा.

खरी झीज बॅटरीची असते, आणि ती दोन मिनिटांत कळत नाही. बहुतेक बड्सच्या आत तीस ते साठ एमएएचचा इवलासा सेल असतो. तो बदलायचा तर चिकटवलेलं कवच फोडावं लागतं, म्हणून स्वस्त जोडीत तो बदलण्यात अर्थ नसतो. माझी रीत अशी आहे. दोन्ही बड्स पूर्ण चार्ज करायचे, अर्ध्या आवाजावर एकच गाणं लावून तासभर ठेवायचे आणि मग दोन्हींचे टक्के वाचायचे. प्रो दुसऱ्या पिढीला नव्यात साधारण सहा तास मिळतात, म्हणजे तासात 15 ते 20 टक्के उतरणं ठीक आहे. त्या फोर्कलिफ्टवाल्या मुलाचा उजवा 82 वर होता आणि डावा 64 वर. डाव्याला फार दिवस नव्हते. हे त्याला त्याच वेळी सांगितलं, आणि सुपरवायझरने आपणहून त्याला पाचशे रुपये परत दिले. टक्के एकदम शंभरावरून साठावर उडी मारत असतील तर ती जोडी घेऊच नये. घेणाऱ्याकडे तासभर वेळ नसेल तर निदान वीस मिनिटं तरी दोन्ही सारखे उतरतात का ते बघावं, कारण दोन बाजूंतला फरक लवकर दिसतो.

दोघं समोर असले पाहिजेत

आता दुकानात मी नियमच केला आहे. ज्या फोनला बड्स जोडलेले आहेत तो फोन सोबत असल्याशिवाय जुनी जोडी घेत नाही. “फोन घरी राहिला”, “फोन विकला”, “भावाच्या खात्यात होते”, यांतलं काहीही असलं तरी डबी परत. विकणाऱ्याच्या फोनमधून माझ्यासमोर दुवा काढायचा, रिसेट करायचा, आणि त्याचा फोन चालू ठेवून डबी उघडून बघायची. मग वहीत त्याचं नाव, बिलाचा फोटो आणि तिन्ही नंबर लिहून घ्यायचे. यामुळे काही गिऱ्हाइकं शेजारच्या गाळ्यात जातात. जाऊ देत.

आणि दोन माणसं आपसांत व्यवहार करत असतील तर त्यांनाही हेच सांगते. पैसे फोनवरून पाठवून डबी मित्राच्या हाती मागवू नका. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर भेटा, दोघांचे फोन शेजारी ठेवा, आधी खातं, मग यादी, मग रिसेट, असं करा. डबी उघडल्यावर जुना फोन गप्प राहिला आणि नव्याने ती धरली, की मग पैसे द्या. विकणाऱ्यालाही यात तितकाच फायदा आहे. आपल्या घरचा फोन दुसऱ्याच्या कानात जाणार नाही, आणि चार महिन्यांनी कुणी त्याला चोर म्हणणार नाही.